एकशेवीसचा फोन आणि जळगावचा मे

मे महिन्यात बहिणीकडे जळगावला गेलो होतो. दुपारी दोनच्या सुमाराला गच्चीवरच्या खोलीत भाचा गादीवर पालथा पडून बीजीएमआय खेळत होता. वर पत्रा, डोक्यावर पंखा, आणि फोन चार्जरला लावलेला. बारावी झाल्याबद्दल त्याला हा नवा फोन मिळाला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत १२० हर्ट्झ छापलेलं, आणि त्या एका आकड्यासाठी त्याने घरच्यांकडून चार हजार रुपये जास्त काढले होते. खेळ चालू असताना त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा दिसत होता. १२०. तो हलत नव्हता.

"मामा, हे बघा. आकडा एकशेवीस दाखवतोय, पण समोरचा आला की फोन अडकतो. मागच्या फोनला असं होत नव्हतं. फोनच फॉल्टी आहे का?"

तो दुकानात जाऊन आला होता. दुकानदार म्हणाला होता, "भाऊ, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे." मित्र म्हणाले होते, नेटवर्क. कोणी सांगितलं, मेमरी साफ कर. मी अनेक वर्षं मोबाइल ॲप बनवण्याच्या धंद्यात आहे, म्हणून तक्रार माझ्यापर्यंत आली. प्रश्न त्याचा असला तरी नीट उत्तर मला स्वतःलाच हवं होतं. फोनचा पडदा १२०चा आहे याबद्दल शंका नव्हती. पण एखादा जड गेम त्या वेगाने खरोखर चालतो का, आणि चालला तर किती वेळ?

आधी त्या हिरव्या आकड्याचा सोक्षमोक्ष लावू. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Show refresh rate` नावाचं बटण असतं. भाच्याने ते एका व्हिडिओत बघून चालू केलं होतं. हा आकडा पडद्याचा असतो. काच सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवली जाते, एवढंच तो सांगतो. गेमने तेवढ्या वेळात किती नवी चित्रं काढून दिली, याच्याशी त्याचा संबंध नाही. गेम सेकंदाला चाळीस चित्रं देत असेल तर पडदा तेच चित्र तीन-तीन वेळा रंगवतो आणि कोपऱ्यात ऐटीत १२० लिहितो. दुकानात फोन विकताना हाच आकडा दाखवतात. तो खोटा नसतो, फक्त प्रश्न वेगळा असतो.

एकशेवीस हर्ट्झ म्हणजे दर ८.३३ मिलिसेकंदाला एक गाडी सुटते असं समजा. गाडी वेळापत्रकाने सुटते, कोणासाठी थांबत नाही. गेमने ८.३३ मिलिसेकंदांच्या आत चित्र पूर्ण केलं तर ते त्या गाडीत चढतं. नऊ मिलिसेकंद लागले तर गाडी गेलेली असते आणि चित्राला पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर थांबावं लागतं. डोंबिवलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आठ-बाराची लोकल अर्ध्या मिनिटाने चुकली तर ऑफिसात अर्धं मिनिट उशीर होत नाही, पुढच्या लोकलइतका होतो.

याचा हिशेब चमत्कारिक आहे. समजा प्रत्येक चित्राला नेमके नऊ मिलिसेकंद लागतात. साध्या भागाकाराने सेकंदाला १११ चित्रं व्हायला हवीत. पण गेम प्रत्येक चित्र गाडीत चढेपर्यंत पुढच्याला हात लावत नसेल, तर प्रत्येक चित्र दुसऱ्या गाडीने जाणार, म्हणजे सेकंदाला साठ. अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाच्या उशिराने वेग थेट निम्मा. प्रत्यक्षात बहुतेक गेम दोन-तीन चित्रं रांगेत तयार ठेवतात, त्यामुळे सरासरी १११च्या आसपास राहते. पण दर बारा-तेरा गाड्यांमागे एक गाडी रिकामी जाते, आणि जुनंच चित्र पडद्यावर दुप्पट वेळ राहतं. सरासरी बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. डोळ्याला मात्र बारीक ठेच लागते, सेकंदाला आठ-नऊ वेळा. भाचा 'अडकतो' म्हणत होता ते हेच असावं असा माझा पहिला अंदाज होता. तो अर्धाच बरोबर निघाला.

गेमच्या सेटिंगमध्ये गेलो. ग्राफिक्सच्या पानावर दोन ओळी असतात. वरच्या ओळीत चित्राचा दर्जा निवडायचा, `Smooth` पासून वर चढत जाणारा. खालच्या ओळीत वेग: `Low`, `Medium`, `High`, `Ultra`, `Extreme` आणि त्यापुढचे. `Extreme` म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, `Extreme+` म्हणजे नव्वद. वरच्या ओळीत दर्जा वाढवत नेला की खालच्या ओळीतले वरचे वेग निवडता येईनासे होतात. गेम बनवणाऱ्यांनी तिथेच कबुली दिली आहे की दोन्ही एकदम मिळणार नाही. भाच्याच्या फोनवर दर्जा `Smooth` ठेवल्यावर शेवटचा पर्याय नव्वदचा होता. एकशेवीसचा पर्यायच नव्हता.

"म्हणजे गेम देतच नाही?" त्याचा चेहरा उतरला.

तुझ्या फोनला देत नाही, मी म्हणालो. बीजीएमआयमध्ये एकशेवीस चित्रांचा पर्याय २०२४मध्ये आला, तोही निवडक फोनांवर. गेमकडे फोनच्या मॉडेलांची यादी असते आणि त्या यादीत नाव असलं तरच पर्याय दिसतो. पडदा किती हर्ट्झचा आहे हे गेम विचारतो खरा, पण निर्णय यादीवरून होतो. यादी कधीकधी शुद्ध व्यवहाराचीही असते. ऑगस्ट २०२०मध्ये पबजी मोबाइलचा नव्वदचा पर्याय महिनाभर फक्त वनप्लसच्या काही फोनांपुरता राखून ठेवला होता. तेवढ्याच ताकदीची चिप असलेले बाकीचे फोन साठावर थांबले. तो महिना संपत येत होता तेवढ्यात, २ सप्टेंबरला, भारतात गेमवरच बंदी आली. बीजीएमआय हा त्याचा भारतीय अवतार पुढच्या वर्षी, जुलै २०२१मध्ये आला.

यादीचं हे दार किती नाजूक असतं याचं माझं आवडतं उदाहरण ॲपलकडचं आहे. सप्टेंबर २०२१मध्ये आयफोन १३ प्रो आला, आयफोनच्या घराण्यातला पहिला १२० हर्ट्झचा. पण इतर कंपन्यांच्या ॲपांना साठाच्या वर जायचं असेल तर आपल्या `Info.plist` मध्ये `CADisableMinimumFrameDurationOnPhone` अशी लांबलचक नोंद करावी लागते. ती एक ओळ नसेल तर चिप कितीही तगडी असो, ॲप साठावरच. गेन्शिन इम्पॅक्टने पुढच्याच महिन्यात अशा आयफोनवर आणि आयपॅड प्रोवर १२०चा पर्याय दिला. त्याच गेमची अँड्रॉइडवरची मर्यादा मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं साठच राहिली. १२० हर्ट्झचा अँड्रॉइड फोन घेऊन गेन्शिन खेळणारे लोक इतकी वर्षं प्रत्येक चित्र दोनदा बघत होते आणि त्यांच्या कोपऱ्यात हिरवा १२० होता.

खुद्द अँड्रॉइडनेही अलीकडे गेमांकडे अशाच नजरेने बघायला सुरुवात केली आहे. अँड्रॉइड १५पासून फोन बनवणारा ठरवू शकतो की ज्या गेमने स्वतःहून वेग मागितला नाही, त्याला साठावर बांधून ठेवायचं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ही बंधनं काढायचं बटण आहे: `Disable default frame rate for games`. ते दाबून फरक पडला तर अडसर फोनकडून होता असं समजावं. काहीच फरक पडला नाही तर मर्यादा गेमच्या आतच लिहिलेली आहे, आणि तिथे आपला हात पोचत नाही. ती फोडून देणारी ॲपं बाजारात आहेत. ती गेमला फोनचं खोटं नाव सांगतात किंवा त्याच्या सेटिंगच्या फायली बदलतात, आणि त्यावरून खातं बंद होऊ शकतं. भाच्याने एक उतरवून ठेवलं होतं. मी काही बोललो नाही, त्यानेच काढून टाकलं.

तर त्याच्या हातात नव्वद होते आणि पडदा १२०वर चालत होता. आता इथे गंमत बघा. सेकंदाला १२० गाड्या आणि नव्वद प्रवासी. चार गाड्यांत तीन चित्रं बसवायची. म्हणजे एक चित्र एका गाडीपुरतं, दुसरं एका गाडीपुरतं, तिसरं दोन गाड्यांपुरतं, आणि पुन्हा तसंच. ८.३, ८.३, १६.७. गेम अगदी इमानदारीने नव्वद चित्रं देत असूनही हालचाल लंगडत चालते. पडदा स्वतः नव्वदवर उतरला तर प्रत्येक चित्राला ११.१ मिलिसेकंदांची सारखी जागा मिळते आणि लंगडणं थांबतं. अँड्रॉइड ११पासून गेमला तसं सांगण्याची सोय आहे, आणि चांगल्या फोनमध्ये ते आपोआप घडतं. पण भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन पडदा हट्टाने १२०वर अडकवून ठेवला होता, शिवाय प्रत्येक ॲपला १२० देणारं कंपनीचं बटणही दाबलं होतं. जास्त म्हणजे चांगलं, असा त्याचा सरळ हिशेब.

इथवर अंदाज झाले. मोजायचं कसं? लॅपटॉप काढला. अँड्रॉइडमध्ये सर्फेसफ्लिंगर नावाचा एक भाग सगळ्या ॲपांची चित्रं गोळा करून पडद्याकडे पाठवतो आणि प्रत्येक चित्र कधी दाखवलं याची नोंद ठेवतो. ती नोंद अशी मागता येते:

```
adb shell dumpsys SurfaceFlinger --list
adb shell "dumpsys SurfaceFlinger --latency 'LAYER'"
```

पहिल्या आज्ञेने पडद्यावरच्या थरांची यादी येते. तिच्यात `SurfaceView` आणि गेमचं नाव, म्हणजे बीजीएमआयसाठी `com.pubg.imobile`, असलेली ओळ शोधायची आणि ते पूर्ण नाव दुसऱ्या आज्ञेत `LAYER` च्या जागी टाकायचं. उत्तरात पहिल्या ओळीत पडद्याचा ठोका येतो, १२० हर्ट्झला ८३३३३३३ नॅनोसेकंद. त्याखाली सव्वाशेच्या आसपास ओळी, प्रत्येकीत तीन आकडे. मधला आकडा म्हणजे ते चित्र प्रत्यक्ष पडद्यावर आलं तो क्षण. प्रत्येक ओळीच्या मधल्या आकड्यातून आधीच्या ओळीचा वजा करत गेलं की दोन चित्रांमधलं अंतर मिळतं. एवढ्या ओळींत खेळाचा जेमतेम दीड सेकंद मावतो, म्हणून दर सेकंदाला पुन्हापुन्हा विचारणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहावी लागते.

एक गोष्ट मी आधी विसरलो होतो आणि दहा मिनिटं फुकट घालवली. फोन केबलने लॅपटॉपला जोडला की तो चार्ज होऊ लागतो, चार्ज होताना तापतो, आणि आपण मोजतोय ती गोष्टच बिघडते. अँड्रॉइड ११पासून वायफायवरून जोडण्याची सोय आहे. मोजायचं तर तसंच मोजावं.

केबल काढली. चार्जरही काढायला लावला, त्यावर थोडी कुरकुर झाली. पडदा १२०वर, गेम नव्वदवर. विमानातून उडी मारल्यापासून नोंदी सुरू केल्या. सुरुवातीला अंतरं अपेक्षेप्रमाणे लंगडी आली: आठ, आठ, सोळा. अधूनमधून, एकाच गावात वीस जण उतरले की, एखादं पंचवीस. हे समजण्यासारखं होतं. पण काही मिनिटांनी चित्र पालटलं. सोळा सोळा सोळा, मग पंचवीस, मग सोळा. कुठेही गर्दी नव्हती, भाचा एकटाच एका शेतात पळत होता. मी दुसरी आज्ञा दिली:

```
adb shell dumpsys thermalservice
```

उत्तरात `Thermal Status` अशी एक ओळ असते. शून्य म्हणजे फोन निवांत, एक म्हणजे थोडा तापलाय, दोन मध्यम, तीन गंभीर, आणि सहाला फोन बंद. खेळ सुरू करताना तिथे शून्य होतं. आता दोन होतं. कोपऱ्यातला हिरवा आकडा अजूनही १२०.

इथे मी लॅपटॉप मिटला आणि बहिणीकडे कागद-पेन्सिल मागितली. कारण यापुढचं उत्तर फोनमध्ये नव्हतं, त्या खोलीत होतं.

फोन जी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होते. ती किती, हे कुठल्याही उपकरणाशिवाय काढता येतं. पाच हजार मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण १९.३ वॅट-तास ऊर्जा. वीस मिनिटांत दहा टक्के उतरली तर १.९३ वॅट-तास तेवढ्या वेळात गेले, म्हणजे फोन सुमारे ५.८ वॅटने जळतोय. भाच्याच्या फोनची चाल साधारण तीच होती.

आता ही उष्णता बाहेर कशी जाणार? फोनला पंखा नाही. पाठ आणि पोट धरून पृष्ठभाग सुमारे अडीचशे चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत एवढ्या पृष्ठभागातून, फोन आणि खोली यांच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढोबळमानाने पाव वॅट बाहेर पडतो. आणि फोनची पाठ हाताला चटका बसेल इतकी तापू देता येत नाही. त्रेचाळीस अंशांच्या आसपास कुठेतरी फोन लगाम खेचतो, कोणी थोडा अलीकडे, कोणी पलीकडे.

एसीच्या खोलीत पंचवीस अंश आहेत असं धरू. त्रेचाळीस आणि पंचवीसमध्ये अठरा अंशांचा फरक, पाव वॅटने गुणलं तर साडेचार वॅट. एवढी उष्णता फोन कायमची टाकू शकतो. जळगावच्या त्या पत्र्याखालच्या खोलीत अडतीस धरू, जे मे महिन्यासाठी सौम्यच आहे. फरक उरला पाच अंशांचा. पाच गुणिले पाव म्हणजे सव्वा वॅट. सव्वा वॅट तर उजेड पूर्ण वाढवलेला पडदा एकटाच खाऊ शकतो. चिपसाठी जवळपास काही उरतच नाही.

तरी गेम सुरुवातीला पूर्ण वेगाने चालतो, कारण फोन आधी गार असतो आणि तापायला वेळ लागतो. तो वेळही काढता येतो. दोनशे ग्रॅमचा फोन एक अंशाने तापवायला अदमासे १८० ज्यूल लागतात. आपल्या ५.८ वॅटच्या हिशेबाने पंचवीस अंशांच्या खोलीत फोनला त्रेचाळीसपर्यंत पोचायला अठरा मिनिटं लागतात. अडतीसच्या खोलीत तीन. हा हिशेब सगळा फोन म्हणजे एकसारखा तापणारा ठोकळा असं मानून केलेला आहे. खरा फोन चिपच्या जागी जास्त तापतो आणि कडांना कमी, त्यामुळे मिनिटं इकडची तिकडे होतील. पण अठरा आणि तीन यांच्यातलं अंतर काही मिटत नाही. एरांगेलचा एक पूर्ण डाव अर्ध्या तासाच्या घरात जातो. एसीत बसलेल्याचा फोन शेवटच्या वर्तुळाच्या आधी दमतो. पत्र्याखाली बसलेल्याचा पहिली बंदूक सापडेपर्यंत दमलेला असतो. फोन तोच, खोक्यावरचा आकडा तोच.

फोनची परीक्षणं लिहिणारे लोक आपल्या चाचण्या बहुधा एसीच्या खोलीत करतात. त्यात लबाडी नाही. पण 'अर्धा तास नव्वद टिकले' असं वाक्य वाचताना खोली किती अंशांची होती हे बघायला हवं, आणि ते क्वचितच लिहिलेलं असतं.

वेग आणि उष्णता यांचं नातंही सरळ नाही. साठाऐवजी एकशेवीस चित्रं काढायची म्हणजे काम दुप्पट. पण ते काम तितक्याच वेळात उरकायला चिपला आपला ठोका वाढवावा लागतो, आणि ठोका वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं. वीज ठोक्याच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा ठोका दुप्पट केला आणि त्यासाठी व्होल्टेज सव्वापट लागलं. दोन गुणिले सव्वा गुणिले सव्वा म्हणजे तिप्पट वीज. दुप्पट चित्रांसाठी तिप्पट उष्णता. म्हणून जड गेममध्ये १२० मिळवणं आणि ते टिकवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मिळवायला चांगली चिप पुरते. टिकवायला हवामान लागतं.

हे सगळं फोन बनवणाऱ्यांना ठाऊक असतं, आणि काही वेळा ते तापमान वाढायची वाटही बघत नाहीत. २०२२च्या फेब्रुवारीअखेर सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२२ बाजारात आला तेव्हा दक्षिण कोरियात मोठा गदारोळ झाला. फोनमध्ये गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस नावाची एक सेवा होती. ती ॲपचं नाव बघून चिपचा लगाम खेचत असे. एका कोरियन यूट्यूबरने साधी युक्ती केली. वेग मोजणाऱ्या ॲपचं पॅकेज-नाव बदलून त्याला गेन्शिन इम्पॅक्टचं नाव दिलं. आत मोजणी तीच, फोन तोच, पण नाव गेमचं दिसताच गुण धाडकन कोसळले. म्हणजे चाचणी घेणाऱ्या ॲपला फोन आपली पूर्ण ताकद दाखवत होता, आणि खेळणाऱ्याला वेगळाच फोन मिळत होता. गीकबेंचने एस१०पासून एस२२पर्यंतचे एस मालिकेतले फोन आपल्या यादीतून काढून टाकले, आणि सॅमसंगला ती सेवा बंद करण्याची सोय देणारं अपडेट काढावं लागलं. सेवा बंद केलेल्यांचे फोन वेगाने चालले, आणि अर्थातच जास्त तापले. माझा आक्षेप लगामाला नाही. लगाम लागतोच, वरचा हिशेब बघा. आक्षेप आहे तो नाव बघून लगाम खेचण्याला, आणि तेही न सांगता.

आता कंपन्यांनी दुसरी वाट काढली आहे. गेम साठ चित्रं देतो, आणि मधली साठ फोनच रचतो. दोन खऱ्या चित्रांच्या मधोमध वस्तू कुठे असतील याचा अंदाज करून. काही फोनांत त्यासाठी वेगळी चिप असते, आयक्यूसारखे ब्रँड तिची जाहिरातही जोरात करतात. डोळ्याला हे खरोखर सुखावतं, आणि गेन्शिनसारख्या निवांत भटकण्याच्या खेळात माझी काही तक्रार नाही. पण मधलं चित्र काढायचं तर पुढचं चित्र आधी हातात हवं, म्हणजे तयार चित्र काही क्षण दाबून ठेवावं लागतं. बोट हलवल्यापासून पडद्यावर हललेलं दिसेपर्यंतचा वेळ कमी होण्याऐवजी थोडा वाढतो. गोळी कोण आधी झाडतो यावर जिथे सगळं अवलंबून आहे, तिथे हे १२० म्हणजे नुसता हिरवा आकडाच.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी आणि भाचा पुन्हा बसलो. आधी फोनचं जाड रबरी कव्हर काढलं. चार्जर दूर. उजेड निम्म्यावर. पडद्याला १२०वर अडकवणारी दोन्ही बटणं बंद केली, म्हणजे गेम मागेल तसा पडदा बदलेल. टेबलफॅन थेट फोनच्या पाठीवर येईल असा ठेवला. वाहत्या हवेत उष्णता टाकण्याचा दर सहज दुप्पट होतो, पाव वॅटचा अर्धा होतो. म्हणजे अडतीसच्या खोलीतही सव्वाऐवजी अडीच वॅट. छताचा पंखा खोलीत वारा फिरवतो खरा, पण पालथं झोपून, फोन गादीला टेकवून खेळणाऱ्याच्या फोनच्या पाठीपर्यंत तो पोचत नाही. गादी तर चक्क पांघरूणच.

मागे लावायचे विजेवर गार होणारे कूलरही मिळतात. जळगावच्या कोरड्या हवेत ते चांगले. पण तोच कूलर पावसाळ्यात रत्नागिरीला किंवा मुंबईला लावताना जपावं. तिथे हवेत इतकी वाफ असते की पंचवीस अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसा. तो घाम फोनच्या पाठीवर बाहेरून दिसतो तितका वाईट नाही. आतून धरलेला दिसत नाही.

मग गेम आधी नव्वदवर चालवला. या वेळी अंतरं सारखी आली, अकरा अकरा अकरा, लंगडणं गेलं होतं. कोपऱ्यातला आकडाही नव्वदवर उतरला, आणि भाच्याला ते बघवेना. पण डाव मध्यावर आला तसे पुन्हा बावीस दिसू लागले, एक गाडी चुकल्याच्या खुणा. मी त्याला साठ करून बघायला सांगितलं. त्याने केलं, नाइलाजाने. सोळा सोळा सोळा सोळा, शेवटच्या वर्तुळापर्यंत. `Thermal Status` एकच्या वर गेला नाही.

"कसं वाटलं?"

"मामा, हे स्मूद आहे," तो म्हणाला, आणि मग जरा वेळाने, "पण मग जुन्या फोनमध्ये काय वाईट होतं?"

जुना फोन साठ हर्ट्झचा होता. बहीण स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने फक्त विचारलं, "चार हजार, ना?"

भाच्याने उत्तर दिलं नाही. दिवाळीत त्याचा फोन आला. जळगावची पहाट आता गार झाली होती, तो गच्चीवर बसून खेळत होता, आणि सांगत होता की सहा वाजता नव्वद अख्खा डाव टिकतात. अंघोळ केली का विचारलं तर फोन ठेवला.